दत्तोपंतांचा शब्द

राधाकृष्ण धनवटे याच्या डोक्यात टायरगाडीचं खूळ शिरलं ते महायुद्ध संपल्यावर. नगरला लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं, जीपगाड्यांचे आस आणि टायर भंगाराच्या भावात जाऊ लागले आणि पुणतांब्याच्या या शेतकऱ्याच्या पोरानं त्यातले काही उचलून आणले. भाऊ म्हणाला, हे भंगार घाला आता खळ्यात. पण राधाकृष्णानं श्रीरामपुरात स्टेशनाच्या मागे पत्र्याची शेड टाकली, भीमा सुताराला जोडीला घेतलं आणि लाकडी चाकांऐवजी रबरी टायरवर चालणारी बैलगाडी उभी केली. लोखंडी धावेची गाडी काळ्या रानात कशी रुतते आणि मागून पराणी टोचली की बैल कसा गुडघ्यावर येतो, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. त्याचा राग सगळा त्या चाकावर होता. बैलावर जीव असणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ. चाक बदलायला निघालेला हा एकच.

गाडी झाली खरी, पण घेणार कोण? एकट्यादुकट्या शेतकऱ्याला ती झेपणारी नव्हती. ती झेपली असती एकाच ठिकाणी, साखर कारखान्यात. गळीत सुरू झालं की ऊस वाहायला तिथे शेकडो गाड्या लागतात आणि त्या कुणाच्या लावायच्या हे दसऱ्याच्या आत ठरतं. ठरवणारा माणूसही एकच, कारखान्याचे जनरल मॅनेजर. साखरेचं शास्त्र शिकून आलेले, पुण्याचे, कमी बोलणारे. सगळा भाग त्यांना मोठे साहेब म्हणे. यंदाच्या हंगामात त्यांनी गाडी नुसती चालवून बघितली तरी राधाकृष्णाचं नशीब उघडणार होतं. नाही बघितली तर शेड मोडायची, भीमाला वाटेला लावायचं आणि खाली मान घालून भावाच्या औतामागे उभं राहायचं, इतकं सरळ होतं ते.

कारखान्यावर तो दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा फाटकावरच्या पठाणानं आत सोडलं नाही. दुसऱ्यांदा त्यानं रीतसर अर्ज नेला, तो कारकुनानं घेतला आणि न बघता मागच्या एका गठ्ठ्यावर ठेवला. गठ्ठा कमरेएवढा होता. ज्याला त्याला साहेबांची भेट हवी होती आणि ज्याच्या त्याच्या खिशात कुठल्या ना कुठल्या पुढाऱ्याची चिठ्ठी होती. साहेब म्हणे त्या चिठ्ठ्या वाचतसुद्धा नसत.

मग त्याच्या आईला, छबूबाईला, दत्तोपंत आठवले.

दत्तोपंत पुराणिक म्हणजे पाटबंधारे खात्यातले पेन्शनीत निघालेले ओव्हरसियर. राहात्याला राहत. राधाकृष्णाचा बाप त्यांच्या हाताखाली पाटकरी होता, कालव्याची दारं उघडायची आणि लावायची हे त्याचं काम. बाप गेला तेव्हा पंत स्वतः पुणतांब्याला येऊन ओट्यावर तासभर बसून गेले होते. आणि मोठ्या साहेबांशी त्यांची ओळख कशी, ते सगळ्या कालव्याला ठाऊक होतं. कारखान्यानं मळीची टाकी कालव्याच्या अंगाला बांधायला काढली तेव्हा साहेबांपुढे सगळे माना डोलावत होते. हा एक टोपीवाला माणूस उठून म्हणाला, इथे बांधाल तर पाझरानं पाया सुटेल. साहेब तेव्हा रागावले, टाकी तिथेच झाली आणि दुसऱ्या पावसाळ्यात कलली. तेव्हापासून पाण्याचं काही निघालं की साहेब स्वतःची मोटार राहात्याला पाठवत. असा माणूस साहेबांना आपल्याबद्दल दोन शब्द बोलला तर? छबूबाईनं विचार केला तो एवढाच आणि तो चुकीचा नव्हता.

चूक झाली ती पुढे, आणि ती आपल्याकडच्या माणसांनीच करावी अशी. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही आणि ज्या दिवशी काही घेऊन जायचं त्या दिवशी काही मागायचं नाही, ही आपली रीत. तेव्हा पोळ्याच्या आदल्या दिवशी राधाकृष्ण राहात्याला गेला तो गुळाची एक ढेप आणि तुपाचा डबा घेऊन. पंत घरी नव्हते. नीलांबरीबाईंनी, पंतांच्या पत्नीनं, ते घेतलं, त्याला चहा दिला, आईची चौकशी केली. त्यानं गाडीचं अक्षर काढलं नाही. पोळा झाला, चार दिवस मध्ये गेले, तेव्हा तो पुन्हा गेला आणि पंतांच्या पायाला हात लावून मनातलं बोलला.

दत्तोपंतांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते पत्नीला हाक मारून म्हणाले, तो गूळ आहे का शिल्लक? नीलांबरीबाई म्हणाल्या, पोळ्याच्या पुरणात गेला, थोडा शेजारी वाटला, चांगला होता. पंतांनी डोळे मिटले.

"राधाकृष्णा, आधी मागितलं असतंस तर मी गूळ परत पाठवला असता," ते म्हणाले. "आता तो पोटात गेला. उद्या साहेबांनी विचारलं, हा तुमचा कोण, तर मी काय सांगू? याच्या पुरणपोळ्या खाल्ल्या म्हणून सांगू?"

राधाकृष्णाचं तोंड एवढंसं झालं. गूळ आईनं दिला हुता, त्यात मनात काही न्हवतं, असं तो कसंबसं म्हणाला. हे अगदी खरं होतं आणि अगदी खोटंही होतं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

 मग पंत म्हणाले, उद्या गाडी आणून दाखव.

दुसऱ्या दिवशी राधाकृष्ण गाडी घेऊन आला. ऊस अजून रानात उभा होता, म्हणून गाडीत पोत्यांमध्ये वाळू भरली, भरली ती उसाच्या वजनाला टक्कर देईल इतकी. राहात्याहून पुणतांब्याकडे जायचा रस्ता तेव्हा कसा होता ते त्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा. भाद्रपदात तो रस्ता कमी आणि चिखल जास्त. पंत धोतर खोचून गाडीच्या पुढ्यात बसले. बैल कोरड्या वाटेवरून चालल्यासारखे चालले. जिथे लोखंडी धावेच्या गाड्या कण्यापर्यंत रुतून पडल्या होत्या त्यांच्या बाजूनं ही गाडी निघून गेली आणि रुतलेले गाडीवान तोंडात बोट घालून बघत राहिले. राधाकृष्णाची छाती फुगली. त्या रुतलेल्या गाडीतली अजून दोन पोती घाला, तो जोशात म्हणाला, बैलांना कळायचं बी न्हाई. घातली. पुढच्या ओढ्याच्या उतारावर कट्‌ असा आवाज झाला, गाडी एका अंगावर बसली. आस वाकला होता.

पंत खाली उतरून बाजूला उभे राहिले आणि बघत राहिले. राधाकृष्णानं आसाकडे पाहिलं नाही, पोत्यांकडे पाहिलं नाही, पंतांकडेही नाही. त्यानं आधी जू काढलं, बैल मोकळे केले, त्यांच्या खांद्यावरून हात फिरवला, एकाचा पाय उचलून बघितला. मग तो चिखलात आडवा होऊन गाडीखाली शिरला. बाहेर आला तो अंगभर माखलेला आणि डोळ्यांत पाणी.

"संपलं पंत," तो म्हणाला. "आता तुमी काय बोलनार माझ्यासाटी."

पंतांनी विचारलं, वाकला कुठे? तो म्हणाला, जिथं जोड दिला हाय तिथं. जीपचा आस आखूड पडतो म्हणून मधे कापून लांब केलेला, जोडावरच भार आला. आता काय करशील, पंतांनी विचारलं. जोडावर बाहेरून नळी चढवून दोन्हीकडून डाग देऊन पक्की करीन, तो म्हणाला, पन भाराला हद्द ठेवावीच लागंल, गाडी वढती म्हनून मानूस भरत जातो, मीच न्हाई का भरली. पंतांनी मान हलवली. दुरुस्त करून आठ दिवसांनी ये म्हणाले आणि एवढ्या चिखलातून पायी घरी निघाले. गाडीत बसायचा प्रश्नच नव्हता, ती एका अंगावर बसलेली.

आठ दिवसांनी गाडी त्याच ओढ्यातून दोनदा गेली आणि आली. मग पंतांनी त्याला ओसरीवर बसवून घेतलं आणि जे विचारलं त्यानं राधाकृष्णाला घाम फुटला. साहेबांकडून तुला हवं काय? काम द्या, असं तो म्हणाला. पंत म्हणाले, काम द्या याला साहेब काय उत्तर देणार? असं काही माग की उभ्या उभ्या हो म्हणता येईल आणि नाही म्हणायचं तर कुणाचा अपमान होणार नाही. दोघांनी मिळून ते घासत घासत लहान केलं. शेवटी उरलं ते इतकं: गळीत सुरू झालं की दोन टायरगाड्या, एकच रस्ता, सगळ्यात वाईट रस्ता, पंधरा दिवस. ऊस कारखान्याच्या काट्यावर तोलायचा, लाकडी गाड्यांच्या शेजारी. पुढचं साहेब ठरवतील.

राधाकृष्णाला वाटलं, आता दोघं मिळून जाऊ. पंतांनी ते मोडून काढलं. आधी मी एकटा जाऊन विचारतो, ते म्हणाले, भेटणार का म्हणून. तुला दारात उभं करून विचारलं तर साहेबांना नाही म्हणता येणार नाही, आणि नाही म्हणता येत नसेल तर त्या होकाराला किंमत काय?  आजवर राधाकृष्णानं शिफारशी पाहिल्या होत्या त्या सगळ्या समोरच्याला कोंडीत धरणाऱ्या. सोयरीक असो की कोर्टकचेरी, चार वजनदार माणसं नेऊन बसवायची आणि उठायचं नाही. हा म्हातारा आधी साहेबाला पळायला वाट मोकळी करून देत होता.

पंत जाऊन आले. साहेबांनी सोमवारी सकाळी बोलावलं होतं. निरोप देऊन पंत एवढंच म्हणाले की मी तुझी ओळख करून देईन, पण मला ठाऊक आहे तेवढंच सांगेन, आणि सगळं सांगेन. राधाकृष्णाला त्यातल्या 'सगळं' या शब्दाचं वजन तेव्हा कळलं नाही.

सोमवारी साहेबांच्या खोलीत तो पंतांच्या मागे उभा राहिला. धुतलेला फेटा, कोरं धोतर, हात कुठे ठेवावेत ते समजत नव्हतं. साहेबांनी दोघांना खुर्च्या दिल्या. दत्तोपंत बसले नाहीत, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्यानंच बोलले.

"साहेब, हा राधाकृष्ण धनवटे. याचा बाप माझ्याकडे पाटकरी होता, इमानी माणूस. त्याच्यावरून याला जोखू नका. पोळ्याला याच्या घरचा गूळ माझ्याकडे आला आणि मी तो खाल्ला, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबानं घ्या. याची गाडी मी चिखलातून बसून बघितली. बैलाला सोपी आहे. पहिल्या दिवशी तिचा आस वाकला, जास्त भरल्यामुळे. त्यानंतर वाकला नाही. बाभळीच्या काट्यानं टायर फुटणार नाही असं मी सांगत नाही, फुटेल. आस वाकला तेव्हा यानं आधी बैल सोडले आणि मग गाडी बघितली. मला ठाऊक आहे ते एवढंच."

एवढं बोलून त्यांनी साहेबांना नमस्कार केला. मी बाहेर बसतो, ते म्हणाले, तुमचं तुम्ही बोला. आणि खरंच दार ओढून निघून गेले.

 गूळ सांगितला, आस सांगितला, काटासुद्धा सांगितला. असली ओळख करून देण्यापेक्षा गठ्ठ्यातला अर्ज बरा होता, असं राधाकृष्णाच्या मनात येऊन गेलं. एकट्यानं आता काय बोलायचं? तो खुर्चीच्या कडेला टेकला. मोठे साहेब त्याच्याकडे बघत होते. त्यांनी पहिलं विचारलं ते आसाचं. कुठे वाकला, का वाकला. पंतांनी सगळं आधीच उघडं करून टाकलेलं, लपवायला काही शिल्लक नव्हतं, त्यामुळे राधाकृष्णाची जीभ आपोआप सुटली. त्यानं जोड सांगितला, नळी सांगितली, भाराची हद्द सांगितली, गाडीच्या साट्याला, बाजूच्या लाकडी चौकटीला, रंगाचा पट्टा मारलाय आणि त्याच्यावर ऊस गेला की गाडी काट्यावर घेऊ नका असंही सांगितलं. बाभळीच्या काट्याचं काय, साहेबांनी विचारलं. काटा लागनारच साहेब, तो म्हणाला, रस्त्याला बाभळी हाईत. फाटकापाशी एक मानूस, पंप आनि दोन जादा चाकं ठेवीन, गाडी चिलीम वढायच्या आत पुन्हा चालती व्हईल. साहेब पहिल्यांदा हसले.

मग त्यानं आपलं लहानसं मागणं मागितलं. दोन गाड्या, सगळ्यात वाईट रस्ता, पंधरा दिवस. साहेबांनी विचार केला तो एका श्वासाएवढा. हो म्हणाले. शेती अधिकाऱ्याला बोलावून त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

राधाकृष्ण उठला. उठता उठता साहेब म्हणाले, थांबा.

"माझ्याकडे रोज माणसं येतात. प्रत्येकाची गाडी न मोडणारी असते. मोडते कुठे हे सांगून कुणाला माझ्याकडे आणणारा माणूस मी आज बघितला. तुम्हाला ठाऊक आहे का, इतक्या वर्षांत दत्तोपंतांनी माझ्याकडे कुणासाठी शब्द टाकला नव्हता. दोन वर्षांमागे त्यांच्या मुलानं, यज्ञेश्वरनं, आमच्याकडे नोकरीसाठी अर्ज केला होता. पंत त्या आठवड्यात दोनदा इथे याच खुर्चीत बसून गेले. एक अक्षर बोलले नाहीत. तो त्यांचा मुलगा आहे हे मला जागा भरल्यावर कळलं."

राधाकृष्ण बाहेर आला तेव्हा पंत वऱ्हांड्यातल्या बाकावर डुलक्या घेत होते. त्यानं काय झालं ते सांगितलं, पंतांनी ठीक म्हटलं आणि दोघं निघाले. राहात्यापर्यंतच्या सगळ्या वाटेत राधाकृष्ण ती गोष्ट मनात उलटसुलट करत होता. या माणसाकडे एकच राखलेली गोष्ट होती, साहेबांपुढचा आपला शब्द. ती पोटच्या पोरासाठी खर्च केली नाही आणि पाटकऱ्याच्या पोरासाठी केली. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला शरम वाटत होती आणि त्या शरमेच्या तळाशी पंतांबद्दल असं काही वाटत होतं की बाप गेल्यापासून तसं त्याला कुणाबद्दल वाटलं नव्हतं.

घरी पोचल्यावर पंत ओसरीवर टेकले. नीलांबरीबाईंनी पाणी आणलं आणि काय झालं ते विचारलं. राधाकृष्णानं पुन्हा सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याला राहवलं नाही.

"पंत, साहेब म्हनले, तुमच्या यज्ञेश्वरदादानं तिथं अर्ज केलता. तुमी बोलला न्हाई. आनि माझ्यासाटी बोलला. मला हे लई जड झालंय."

नीलांबरीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्या मुलाला शेवटी दूर नागपुरास कुठेशी कारकुनी मिळाली होती आणि वर्षाकाठी एकदा तो घरी येई. त्या विषयावर या घरात दोन वर्षं कुणी बोललं नव्हतं.

दत्तोपंतांनी तांब्या खाली ठेवला. ते राधाकृष्णाशी बोलले, पण बघत होते पत्नीकडे.

"तुझा आस वाकला, ते मला सांगता आलं," ते म्हणाले. "साहेबांनी विचारलं असतं, मुलगा कामाला कसा आहे, तर मला तेही सगळंच सांगावं लागलं असतं. हुशार आहे, पण हातातलं काम अर्ध्यावर टाकतो. सांगायला म्हणून दोनदा गेलो. बापाच्या तोंडून ते निघालं नाही. आणि तेवढं गाळून नुसतं गुणांचं बोललो असतो, तर आज तुला घेऊन गेलो असतो कशाच्या बळावर?"

 नीलांबरीबाई आत गेल्या आणि थोड्या वेळानं बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी दोघांची पानं वाढली होती. गेली दोन वर्षं त्या पंतांना वाढून आत निघून जात. त्या दिवशी त्या पंतांच्या पानाशेजारी बसून राहिल्या, जेवण होईपर्यंत.